लघुतम वर्ग पद्धतीची गृहीतके: कोणते कशासाठी, याची पार्श्वभूमी

रिग्रेशन शिकवताना लघुतम वर्ग पद्धतीची, म्हणजे प्रत्यक्ष किमती आणि रेषा यांच्यातील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवण्याच्या रीतीची, गृहीतके बहुधा एकाच यादीत सांगितली जातात आणि त्रुटी प्रसामान्य वितरणाच्या असाव्यात ही अट इतर अटींच्या बरोबरीने ठेवली जाते. त्यामुळे सोलापुरातील यंत्रमाग कारखान्यांवर प्रकल्प करणारा विद्यार्थी अवशेषांचा, म्हणजे काढलेल्या रेषेपासून उरलेल्या फरकांचा, आलेख घंटेच्या आकाराचा दिसला नाही की आपला अंदाजच चुकीचा ठरला असे समजतो, आणि ज्या अटीवर तो अंदाज खरोखर अवलंबून असतो तिच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. हा गोंधळ जुना आहे. त्याची मुळे या पद्धतीचे समर्थन दोन वेगळ्या मार्गांनी झाले, त्या इतिहासात आहेत.

लेझांद्र यांनी 1805 मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकाच्या परिशिष्टात ही पद्धत प्रथम प्रसिद्ध केली. त्यात संभाव्यतेचा विचार नव्हता; अनेक निरीक्षणांशी एकाच वेळी जुळणारी समीकरणे सोडवण्याची ती सोयीची रीत होती. गाऊस यांनी 1809 मध्ये तिला संभाव्यतेचा आधार दिला. अंकगणिती सरासरी ही सर्वाधिक संभाव्य किंमत असावी असे गृहीत धरून त्यांनी त्रुटींचे प्रसामान्य वितरण मिळवले आणि त्यावरून लघुतम वर्गाचा नियम काढला. या मार्गात प्रसामान्यता हाच पाया होता, आणि बहुतेक याद्यांमध्ये ती आजही पायासारखी मांडली जाते याचे कारण मला हेच वाटते.

गाऊस मात्र तेथे थांबले नाहीत. 1821 ते 1823 या काळात मांडलेल्या दुसऱ्या सिद्धांतात त्यांनी त्रुटींच्या वितरणाचा आकार बाजूला ठेवला. त्रुटींची सरासरी शून्य, सर्वांचे प्रचरण, म्हणजे विखुरण, समान आणि त्या परस्परांशी असंबद्ध, एवढ्यावरच त्यांनी दाखवले की निरीक्षणांच्या रेषीय संयोगातून मिळणाऱ्या सर्व अनभिनत, म्हणजे सरासरीने खऱ्या किमतीवर येणाऱ्या, अंदाजांमध्ये लघुतम वर्गाच्या अंदाजाचे प्रचरण सर्वांत कमी असते. मार्कोव्ह यांनी 1900 च्या सुमारास हा विषय पुन्हा मांडला, नेमन यांनी 1934 मध्ये त्याचे श्रेय मार्कोव्ह यांना दिले आणि प्लॅकेट यांनी 1949 मध्ये ते मुळात गाऊस यांचे असल्याचे दाखवून दिले. तरीही सिद्धांताला दोघांची नावे चिकटली ती कायमची.

या सिद्धांतातही दोन थर आहेत, अंदाज अनभिनत असणे आणि तो कार्यक्षम म्हणजे कमीत कमी प्रचरणाचा असणे, आणि ते वेगळे पाहायला हवेत. त्यासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीत असू शकतील असे टॉवेलचे पाच काल्पनिक कारखाने घेऊ. त्यांच्याकडे अनुक्रमे 4, 8, 12, 16 आणि 20 यंत्रमाग आहेत आणि आपल्याला दर मागामागे महिन्याला किती वीज वाढते ते काढायचे आहे. मागांची सरासरी 12 आहे आणि सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज 160. त्यामुळे लघुतम वर्गाचा उतार म्हणजे पाच वीजवापरांना −0.05, −0.025, 0, 0.025 आणि 0.05 या भारांनी गुणून केलेली बेरीज होय. या भारांची बेरीज शून्य येते आणि मागांच्या संख्यांनी गुणून केलेली बेरीज 1 येते. म्हणून वीज आणि माग यांचे नाते खरोखर सरळ रेषेचे असेल आणि मागांची संख्या काहीही असली तरी त्रुटींची सरासरी शून्यच राहत असेल, तर अंदाज सरासरीने खऱ्या उतारावरच येतो. अनभिनततेसाठी एवढेच पुरते. मागांच्या संख्येत काही फरक असावा लागतो हे उघड आहे, नाहीतर उतार काढताच येत नाही. समान प्रचरण, असंबद्धता आणि प्रसामान्यता यांची येथे गरज पडत नाही.

खरा धोका त्रुटीच्या सरासरीच्या अटीत आहे. मोठ्या कारखान्यांत नवे, कमी वीज खाणारे माग असतील आणि मागांचे वय आपण नोंदवलेच नसेल, तर त्याचा परिणाम त्रुटीत जातो, ती त्रुटी मागांच्या संख्येशी बांधली जाते आणि उतार खऱ्यापेक्षा कमी येतो. अवशेष पाहून हे कळत नाही, कारण अवशेष आणि मागांची संख्या यांचा सहसंबंध शून्य यावा अशीच पद्धतीची रचना आहे. ते शोधण्यासाठी धंद्याची माहितीच लागते.

आता कार्यक्षमता पाहू. केवळ पहिल्या आणि पाचव्या कारखान्यातील वीजवापराचा फरक 16 ने भागला, तरी अनभिनत उतार मिळतो. सर्व त्रुटींचे प्रचरण 1 असेल तर त्या अंदाजाचे प्रचरण 1/128 येते, तर लघुतम वर्गाचे 1/160. गाऊस यांचा दावा येथे खरा ठरतो. पण मोठ्या कारखान्यात चढउतारही मोठे असतात, म्हणून त्रुटीचे प्रमाण विचलन मागांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते असे समजू. चार मागांच्या कारखान्यात प्रचरण 16, वीस मागांच्या कारखान्यात 400. मग लघुतम वर्गाच्या उताराचे प्रचरण 1.24 होते, तर प्रत्येक निरीक्षणाला त्याच्या प्रचरणाच्या व्यस्त प्रमाणात भार दिला तर ते 0.70 पर्यंत उतरते. अंदाज अनभिनतच राहिला, फक्त सर्वोत्तम राहिला नाही. भार देण्याच्या या रीतीला एटकेन यांनी 1935 मध्ये व्यापक रूप दिले.

प्रसामान्यता उपयोगी पडते ती अनुमानात, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो हे सांगताना. गॉसेट यांनी 1908 मध्ये लहान नमुन्यातील सरासरीसाठी टी वितरण शोधले आणि फिशर यांनी 1920 च्या दशकात ते रिग्रेशनच्या गुणकांना लावले. बाकीच्या अटींबरोबर त्रुटी प्रसामान्यही असतील तर आपल्या पाच निरीक्षणांसाठी 95 टक्के अंतराल अंदाजाच्या दोन्ही बाजूंना 3.18 प्रमाण त्रुटींचे घ्यावे हे तंतोतंत खरे ठरते, 1.96 चे नव्हे. नमुना मोठा असेल तर हे काम केंद्रीय सीमा प्रमेय करते, म्हणून शेकडो कारखान्यांच्या माहितीत प्रसामान्यतेची चिंता बहुधा उरत नाही. प्रसामान्यतेचा आणखी एक लाभ आहे. बाकीच्या अटींबरोबर ती असली तर लघुतम वर्गाचा अंदाज रेषीय नसलेल्या अनभिनत अंदाजांपेक्षाही सरस ठरतो. नसली, आणि वितरणाची शेपटे जड असली, म्हणजे फार मोठ्या त्रुटी वारंवार येत असल्या, तर दुसरा अंदाज त्याच्यापुढे जाऊ शकतो.

समान प्रचरणाची अट मात्र दुहेरी आहे, आणि यादीत तीच सर्वांत अपुरी समजावली जाते असे मला वाटते. ती कार्यक्षमतेसाठी लागते, आणि प्रमाण त्रुटीच्या नेहमीच्या सूत्रासाठीही. वरच्या उदाहरणात ते सूत्र सरासरीने 1.05 इतके प्रचरण सांगते, खरे मात्र 1.24 असते, म्हणजे उताराला प्रमाण त्रुटीने भागून येणारा टी वाजवीपेक्षा मोठा दिसतो. आइकर यांनी 1963 मध्ये, ह्यूबर यांनी 1967 मध्ये आणि व्हाइट यांनी 1980 मध्ये असे सूत्र दिले की ज्यात उतार तसाच ठेवून प्रमाण त्रुटी अवशेषांच्या वर्गांवरून थेट काढली जाते. त्यामुळे कार्यक्षमता परत येत नाही, पण मोठ्या नमुन्यात अनुमान वैध होते.

ही दुरुस्ती लहान नमुन्यात लागू करताना सावध राहावे लागते. रेषा टोकाच्या बिंदूकडे झुकते, त्यामुळे तेथील अवशेष त्रुटीपेक्षा बराच लहान राहतो. वीस मागांच्या कारखान्यात त्रुटीचे प्रचरण 400 असताना अवशेषाच्या वर्गाची सरासरी सुमारे 111 येते. परिणामी आपल्या पाच कारखान्यांसाठी व्हाइट यांचे मूळ सूत्र सरासरीने 0.51 सांगते, आणि ज्या 1.05 ला ते दुरुस्त करायला निघाले होते त्यापेक्षाही ते 1.24 पासून दूर जाते.