पिण्याचा कॉन्ट्रास्ट आणि शिरेतला कॉन्ट्रास्ट : पोटाच्या सीटी स्कॅनची तयारी

पोटाच्या सीटी स्कॅनसाठी वेळ घेतली की बहुतेक केंद्रांवर दोन सूचना एका दमात मिळतात. चार तास काही खाऊ नका, आणि एक तास आधी येऊन लिटरभर औषधी पाणी प्या. उपाशी राहायचे असेल तर एवढे पाणी कसे चालते, असा प्रश्न रुग्णाला पडतो; पण तो विचारायचे राहून जाते आणि घरातले कोणीतरी ‘थेंबभरही पाणी घ्यायचे नाही’ असा अर्थ लावून मोकळे होते. या गोंधळाचे मूळ असे की कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावे म्हणून द्यायचे औषध, या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी दिल्या जातात. एक तोंडाने प्यायची असते आणि दुसरी हाताच्या शिरेतून जाते. दोघींचे काम वेगळे आहे, धोके वेगळे आहेत आणि म्हणून तयारीही वेगळी आहे.

पिण्याचा कॉन्ट्रास्ट आतड्यांसाठी असतो. रिकामी, मिटलेली आतडी सीटीच्या चित्रात गाठीसारखी दिसू शकतात. ती द्रवाने फुगली की भिंत स्पष्ट दिसते. त्यासाठी आयोडिनयुक्त औषध भरपूर पाण्यात मिसळून देतात किंवा मॅनिटॉलचे सौम्य द्रावण देतात. साधारण एक ते दीड लिटर द्रव पाऊण ते एक तासात थोडा थोडा प्यायचा आणि शेवटचा पेला टेबलावर जाण्याच्या अगदी आधी घ्यायचा, म्हणजे जठरही भरलेले राहते. घाईने सगळे एकदम प्यायल्यास मळमळते, आणि पुढचे आतडे भरायला वेळही मिळत नाही. मॅनिटॉल घेतल्यावर त्या दिवशी पातळ जुलाब होतात, ते अपेक्षितच आहेत. पिण्याचे औषध जवळजवळ सगळे आतड्यातच राहते, त्यामुळे मूत्रपिंडांवर त्याचा भार नगण्य असतो. तरीही आयोडिनयुक्त द्रावणाचा अगदी थोडा अंश रक्तात शोषला जातो. म्हणून पूर्वी कॉन्ट्रास्टची तीव्र ॲलर्जी आलेल्या रुग्णाने पिण्याआधीही ते सांगितले पाहिजे.

शिरेतला कॉन्ट्रास्ट रक्तवाहिन्या आणि अवयव उजळवतो. कोपराच्या पुढच्या बाजूच्या शिरेत सुई बसवून यंत्राच्या दाबाने साधारण ६० ते १०० मिलिलिटर औषध काही सेकंदांत आत जाते. त्या क्षणी घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट गेल्यासारखी वाटते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्याचा भास होतो. ही ॲलर्जी नव्हे. मिनिटभरात ती संवेदना ओसरते. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण घाबरून हलतो आणि चित्र बिघडते.

आता उपवासाचे पाहू. पूर्वीच्या कॉन्ट्रास्टने उलट्या पुष्कळ होत आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याची भीती असे. उपाशी ठेवण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे. आज वापरात असलेल्या औषधांसाठी युरोपीय मार्गदर्शक सूचना उपवासाची गरज मानत नाहीत. आपल्याकडे बहुतेक केंद्रे चार ते सहा तास घन अन्न टाळायला सांगतात आणि पोटाच्या तपासणीत त्याला काही अर्थही आहे, कारण जठरातले अन्न चित्रात आडवे येते. मात्र केंद्राने स्पष्ट मनाई केलेली नसेल, तर साधे पाणी बंद करायचे कारण नाही. गुंगी देऊन स्कॅन होणार असेल, विशेषतः लहान मुलांचा, तर नियम कडक असतात आणि ते भूलतज्ज्ञ सांगतील तसेच पाळायचे. माझ्या मते ‘उपाशी या’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘पाणी चालेल’ किंवा ‘पाणी चालणार नाही’ हे स्वतंत्र वाक्य असायलाच हवे. पहाटेच्या एसटीने तालुक्याहून निघालेला रुग्ण दुपारपर्यंत पाण्याविना राहिला, तर शिरेतल्या औषधाच्या वेळी त्याचे शरीर कोरडे पडलेले असते आणि ते मूत्रपिंडांच्या दृष्टीने वाईट आहे.

मूत्रपिंडांची तपासणी प्रामुख्याने शिरेतल्या कॉन्ट्रास्टसाठी मागतात, कारण ते औषध लघवीवाटे बाहेर पडते. रिपोर्टवर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाचा, आकडा असतो, पण निर्णय घ्यायचा तो ईजीएफआरवर, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त गाळतात याच्या अंदाजावर. समजा, क्रिएटिनिन १.३ आहे. तीस वर्षांच्या पुरुषात, वय आणि लिंग धरून काढायच्या २०२१ च्या सूत्राने, त्याचा ईजीएफआर सुमारे ७६ येतो. ६८ वर्षांच्या स्त्रीत त्याच १.३ वर तो सुमारे ४५ येतो. म्हणजे ‘सासूबाईंचे क्रिएटिनिन जरासेच वाढले आहे’ हे वाक्य पुरेसे नाही. ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा मूत्रपिंडांना नुकतीच अचानक इजा झालेली असेल, तेव्हा खरी जोखीम मानतात. अशा वेळी स्कॅन टाळायचा, कॉन्ट्रास्टशिवाय करायचा की आधी सलाइन देऊन करायचा, हे डॉक्टर ठरवतात.

या ६८ वर्षांच्या बाईंना मधुमेहही आहे आणि त्या मेटफॉर्मिन घेतात असे धरू. मेटफॉर्मिन स्वतः मूत्रपिंडांना इजा करत नाही. पण मूत्रपिंडे मंदावली तर ते शरीरात साचते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकते. अमेरिकी रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेच्या सूचनांनुसार ४५ ईजीएफआर असताना ते थांबवावे लागत नाही. ३० च्या खाली मात्र स्कॅनच्या वेळी थांबवून ४८ तासांनी मूत्रपिंडांची तपासणी करूनच पुन्हा सुरू करतात. अनेक केंद्रे सावधगिरी म्हणून सर्वांनाच ४८ तास थांबवायला सांगतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारून वागावे. बाई इन्सुलिन घेत असतील तर उपाशीपोटी नेहमीचा डोस घेऊ नये. साखर खाली जाऊ शकते, म्हणून सकाळची वेळ मागावी आणि डोस विचारून घ्यावा. गुडघ्यांसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाही उल्लेख करावा, कारण त्यांनी मूत्रपिंडांवर ताण येतो.

ॲलर्जीच्या प्रश्नात सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कोळंबी किंवा मासे सोसत नाहीत म्हणून कॉन्ट्रास्टमधले आयोडिन सोसणार नाही, हे खरे नाही. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते. खरोखर महत्त्वाचे आहे ते पूर्वीच्या स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्टने गांधी, सूज किंवा श्वासाचा त्रास झाला होता का, हे. असेल तर त्या औषधाच्या नावासह जुना कागद आणावा, म्हणजे दुसरे औषध निवडता येते. स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायच्या ठरल्यास त्या साधारण तेरा तास आधीपासून सुरू होतात, म्हणून ही माहिती स्कॅनच्या दारात सांगून उपयोग नाही. दमा असेल तर तोही सांगावा.

स्कॅननंतर सुमारे अर्धा तास केंद्रातच थांबावे आणि तोवर सुई काढू नये, कारण तीव्र ॲलर्जी बहुतेक वेळा याच काळात दिसते. डॉक्टरांनी हृदय किंवा मूत्रपिंडांसाठी पाणी मर्यादित ठेवायला सांगितले नसेल, तर दिवसभर नेहमीपेक्षा जास्त पाणी प्यावे. मूत्रपिंडे चांगली असतील तर औषध २४ तासांत जवळजवळ सगळे निघून जाते. अंगावर पुरळ आठवडाभरातही उठू शकते. सुईच्या जागी औषध बाहेर झिरपले असेल तर हात उंच ठेवून थंड शेक द्यावा. फोड आले, बोटे पांढरी पडली किंवा बधिर झाली तर लगेच परत यावे. मूत्रपिंडांना झालेली इजा दुखत नाही. ती क्रिएटिनिनच्या आकड्यात दोन ते तीन दिवसांनी दिसते, म्हणून ज्यांना पुन्हा रक्त तपासायला सांगितले आहे त्यांनी, कितीही बरे वाटत असले तरी, ती तपासणी चुकवू नये.