अपिकेंद्र आणि भूकंपाची महत्ता

ज्या भेगेवर खडक एकमेकांवरून सरकतात त्या विभंगावरील ज्या बिंदूपासून खडक तुटायला सुरुवात होते तो बिंदू म्हणजे भूकंपाची नाभी. तिच्या सरळ वर भूपृष्ठावर येणाऱ्या बिंदूला अपिकेंद्र म्हणतात. वृत्तपत्रे त्यालाच केंद्रबिंदू म्हणतात. नोंदणी केंद्रांवर प्राथमिक व दुय्यम तरंग कोणत्या क्षणी पोचले यावरून अपिकेंद्र काढतात. खोली नीट ठरत नसेल तर गणितात ती १० किमी. धरून चालतात, त्यामुळे बातम्यांत हा आकडा वरचेवर दिसतो.

अपिकेंद्र केवळ आरंभाची जागा सांगते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाचे अपिकेंद्र उत्तर सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ होते, पण तेथून सुरू झालेला भंग सुमारे आठ-दहा मिनिटांत १,२०० किमी.हून अधिक अंतर कापत उत्तरेला अंदमानपर्यंत पोचला. अशा मोठ्या भूकंपात अपिकेंद्रापासूनचे अंतर पाहून धोका जोखणे चुकीचे ठरते.

महत्ता म्हणजे भूकंप किती मोठा हे सांगणारा आकडा. तिची मापनश्रेणी चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडली. श्रेयाबाबत मात्र एकाच नावावर थांबणे योग्य नाही. अंतराबरोबर तरंगांचा परमप्रसर म्हणजे कंपनाचा सर्वाधिक विस्तार कसा घटतो याचे आलेख त्याआधी जपानमध्ये भूकंपशास्त्रज्ञ वादाती यांनी काढले होते आणि लॉगरिथम वापरण्याची सूचना रिश्टर यांचे सहकारी गुटेनबर्ग यांची होती. या दोन्ही गोष्टी रिश्टर यांनी स्वतः नमूद केल्या आहेत. मूळ व्याख्या एका उपकरणाशी बांधलेली होती. अपिकेंद्रापासून १०० किमी. अंतरावर वुड-अँडरसन भूकंपमापकाच्या कागदावर १ मिमी. परमप्रसराची रेघ उमटली तर महत्ता ३, आणि १० मिमी. उमटली तर ४. म्हणजे हा आकडा कागदावरच्या रेघेचा होता, भूगर्भात काय घडले त्याचा नव्हता. ठिकाणागणिक बदलणारी तीव्रता ही वेगळी गोष्ट असून ती मर्काली श्रेणीने सांगतात.

मोठ्या व दूरच्या भूकंपांसाठी पुढे सुमारे २० सेकंद आवर्तकालाच्या पृष्ठतरंगांवर आधारलेली श्रेणी आली. तिची उणीव मूलभूत स्वरूपाची होती. शेकडो किमी. लांबीचा भंग पुरा व्हायला काही मिनिटे लागतात आणि त्याची वाढीव ऊर्जा मुख्यतः त्याहून फार लांब आवर्तकालाच्या तरंगांत जाते. २० सेकंदांचे तरंग एका मर्यादेनंतर वाढत नाहीत, म्हणून महत्ताही साडेआठच्या आसपास अडकते. जुन्या कोष्टकांत १९०६ च्या सॅन फ्रॅन्सिस्को भूकंपाला ८.३ आणि १९६० च्या चिली भूकंपाला ८.५ असे जवळजवळ सारखे आकडे दिसतात, ते यामुळेच.

यावर उपाय निघाला तो भूकंप परिबलाचा. तुटलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ, दोन्ही बाजू सरासरी किती सरकल्या ते अंतर आणि खडकाची दृढता यांचा गुणाकार म्हणजे परिबल. भूकंपशास्त्रज्ञ आकी यांनी १९६६ मध्ये जपानमधील निईगाता भूकंपाचे परिबल मोजले. हँक्स व कानामोरी यांनी १९७९ मध्ये त्यावरून परिबल महत्ता निश्चित केली :

Mw = (2/3)(log₁₀ M₀ − 9.1)

येथे M₀ हे परिबल न्यूटन-मीटरमध्ये आहे. समजा, ४० किमी. लांब व १५ किमी. रुंद पृष्ठ २ मी. सरकले. दृढता ३ × १०¹⁰ पास्काल धरली तर परिबल ३.६ × १०¹⁹ येते आणि महत्ता ७.०. याच रीतीने सॅन फ्रॅन्सिस्को ७.९ वर उतरतो आणि चिली ९.५ वर चढतो. परिबलांतील फरक सुमारे अडीचशे पट. महत्ता एकाने वाढली की परिबल आणि त्याबरोबर उत्सर्जित ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. बातम्यांत अजून रिश्टर हे नाव छापले जाते, पण मोठ्या भूकंपांचा आकडा आता बहुधा परिबल महत्तेचाच असतो.

परिबल मोजायला लांब तरंगांची वाट पाहावी लागते, आणि या विलंबाची किंमत ११ मार्च २०११ रोजी जपानला मोजावी लागली. भंग सुरू झाल्यावर सुमारे तीन मिनिटांत तेथील हवामान संस्थेने आपल्या जलद श्रेणीने महत्ता ७.९ काढली. त्या आधारे दिलेल्या पहिल्या इशाऱ्यात मियागीसाठी ६ मी. आणि इवाते व फुकुशिमासाठी ३ मी. उंचीची त्सुनामी सांगितली गेली. प्रत्यक्षात लाटा कितीतरी उंच होत्या. परिबल लगेच काढता आले नाही, कारण लांब तरंगही टिपणाऱ्या देशातील बहुतेक विस्तृत-पट्टा भूकंपमापकांची नोंद मर्यादेबाहेर गेली होती. परदेशी केंद्रांच्या नोंदींवरून त्याच दिवशी ८.८ आणि १३ मार्चला ९.० हा आकडा जाहीर झाला. ७.९ आणि ९.० यांच्या परिबलांत सुमारे ४५ पट अंतर आहे.

मार्च २०१३ पासून तेथील पद्धत बदलली आहे. आठपेक्षा मोठ्या भूकंपाचा संशय असून महत्ता पटकन ठरत नसेल, तर पहिल्या इशाऱ्यात लाटांची उंची आकड्यात न देता ‘प्रचंड’ अशा शब्दात देतात आणि परिबल हाती आल्यावर मीटरमधले अंदाज जाहीर करतात.