स्क्रीनवर शून्य: भागाकारानं खाल्लं की गुणाकारानं?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंग मशीनच्या हायड्रॉलिक पॉवर पॅकवर ० ते २५० बारचा ट्रान्समीटर बसवला होता. गेजवर १२५ बार, एचएमआयवर ०. शेजारी उभ्या पोरानं निकालच देऊन टाकला, "सर, ओव्हरफ्लो झालाय. `DINT` केलं की संपलं." केलं `DINT`. शून्याचं शून्यच राहिलं.

आकडा चुकला की ओव्हरफ्लो म्हणायचं, ही सवय मला भयंकर खटकते. पूर्णांक भागाकारात अपूर्णांक गळतो ते वेगळं आणि आकडा डब्यात मावत नाही ते वेगळं. पण स्केलिंगमध्ये दोघांचं तोंड सारखं दिसतं, म्हणून गफलत होते.

S7-1200 मध्ये ४ मिलीअँपिअरला रॉ काउंट ०, २० ला २७६४८, हे तुम्हाला माहीत आहेच. १२५ बारला काउंट १३८२४. पोरानं लिहिलं होतं:

```
#bar := #raw / 27648 * 250;
```

आधी भागाकार होतो. १३८२४ भागिले २७६४८ म्हणजे अर्धा, आणि पूर्णांकात अर्ध्याला जागा नाही. राहतं ०, मग त्याला २५० नं गुणा नाहीतर लाखानं. प्रेशर थेट २५० ला पोचेपर्यंत स्क्रीन शून्यावर ठाम, आणि तिथं एकदम २५०. डबा मोठा करून काय उपयोग? डब्यात मावत नव्हतं असं काही झालंच नव्हतं.

मग कुणीतरी सांगतं, क्रम उलटा कर:

```
#bar := #raw * 250 / 27648;
```

क्रम बरोबर आहे. पण `#raw` अजून `INT` असेल तर १३८२४ गुणिले २५० म्हणजे ३४,५६,०००, आणि `INT` ची कमाल ३२७६७. वरचे बिट गळतात, उरतात उणे १७४०८. त्याला २७६४८ नं भागलं की पुन्हा ०! खरी गोम इथं आहे. गुंडाळलेला आकडा ३२७६७ च्या पुढं जाऊच शकत नाही, त्यामुळं उत्तर ०, १ किंवा उणे १ यापलीकडं येत नाही. माणूस म्हणतो, "क्रम बदलून काही फरक पडला नाही," आणि जुनी ओळ परत टाकतो. रोग बदललेला असतो, लक्षण तेच.

ओळखायचं कसं? प्रेशर हळूहळू वाढवा. भागाकाराचा दोष असेल तर शून्य हलणार नाही. ओव्हरफ्लो असेल तर साधारण दर २.४ बारला गुंडाळी होते, आणि शून्याच्या मधेमधे १ आणि उणे १ डोकावतात. लॅडरमध्ये `MUL` चा `ENO` चालू ठेवला असेल तर ओव्हरफ्लोला तो पडतो. भागाकारानं अपूर्णांक टाकला तर `ENO` पडत नाही, कारण कंट्रोलरच्या लेखी ते उत्तर बरोबर आहे. (सगळे ब्रँड गुंडाळत नाहीत, काही ३२७६७ वरच अडून बसतात. मॅन्युअल बघा.)

आता सगळ्यात जास्त पाय घसरतो ती जागा. हिशोब कुठल्या टाइपमध्ये होणार हे डाव्या बाजूचा टॅग ठरवत नाही, गणितात उतरणारे आकडे ठरवतात. म्हणून उत्तराचा टॅग `DINT` किंवा `REAL` करून काही होत नाही. कंसाचंही तसंच:

```
INT_TO_REAL(#raw / 27648) * 250.0   // चूक
INT_TO_REAL(#raw) / 27648.0 * 250.0 // बरोबर
```

पहिल्या ओळीत दूध सांडल्यावर पातेलं बदललंय. `INT_TO_DINT(#raw * 250)` हीही तीच चूक, फक्त ओव्हरफ्लोच्या अंगानं.

मी स्वतः `REAL` वापरतो. `NORM_X` आणि `SCALE_X` लावलेत तरी तक्रार नाही. पूर्णांकच हवा असेल तर आधी `#raw` `DINT` करा, मग गुणा, मग भागा. दशांश पाहिजे तर २५० ऐवजी २५०० नं गुणा आणि एचएमआयवर टिंब द्या. उरलेली छाट दशांश बारपेक्षा कमी, तिच्यावर वाद घालू नका.

पण हाव करू नका. एकानं तीन दशांश पाहिजेत म्हणून २५०००० नं गुणलं. `DINT` ची कमाल २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास, म्हणजे काउंट ८५८९ च्या पुढं गेला की गेलं. ते येतं ७७.६७ बारला. चाचणी ६० बारवर झाली, सगळं चोख. रात्रपाळीत प्रेशर १०० वर गेलं आणि स्क्रीनवर उणे ५५ आलं. सकाळी ट्रान्समीटर बदलायची ऑर्डर निघाली होती.