व्हिडिओचं वय दुप्पट झाल्यावर किती व्ह्यूज उरतात?

व्हिडिओ टाकून तीन महिने झाले, गेल्या आठवड्यात रोज साधारण तेवढेच व्ह्यूज आले, म्हणून तो सदाबहार झाला असं अनेक चॅनलवाले धरून चालतात. हा निष्कर्ष फसवा आहे, आणि तो का फसवा आहे हे ओसरण्याच्या गणितातच दिसतं.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या रायली क्रेन आणि दिदिए सॉर्नेट यांनी 2008 मध्ये यूट्यूबवरच्या सुमारे 50 लाख व्हिडिओंचे रोजचे व्ह्यूज तपासले. बाहेरच्या एखाद्या कारणाने व्हिडिओ एकदम उसळला, पण बघणाऱ्यांनी तो पुढे फारसा पाठवला नाही, तर रोजचे व्ह्यूज साधारणपणे दिवसांच्या 1.4 व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतात. लोकांनी तो एकमेकांना पाठवत ठेवला तर घसरण मंद होते आणि घात 0.6 च्या आसपास येतो. कारण माणसांच्या सवयीत आहे. लिंक मिळाल्यावर काही जण लगेच बघतात, काही संध्याकाळी, तर काही जण तीन आठवड्यांनी. या दिरंगाईमुळे शेपूट लांबत जातं.

अशा घसरणीत दिवसांची संख्या दुप्पट झाली की व्ह्यूज दर वेळी ठरावीक पटीने कमी होतात. घात 1.4 असेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या 38 टक्के, चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या 38 टक्के, आठव्या दिवशी चौथ्याच्या 38 टक्के. पण शंभराव्या दिवसापासून एकशेसाताव्या दिवसापर्यंतची घट मोजली तर ती जेमतेम 9 टक्के भरते. शनिवार-रविवारच्या चढउतारात एवढी घट सहज लपते. म्हणून आठवड्याची तुलना आठवड्याशी करू नये. 32 व्या दिवसाची 64 व्या दिवसाशी आणि 64 व्या दिवसाची 128 व्या दिवसाशी करावी. दिवस मोजायचे ते उसळीच्या शिखरापासून, आणि प्रत्येक ठिकाणी एका दिवसाचा आकडा न घेता आसपासच्या सात दिवसांची सरासरी घ्यावी.

समजण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ. निवडणुकीच्या निकालावरच्या एका व्हिडिओला पहिल्या दिवशी 40,000 व्ह्यूज मिळाले आणि घसरण 1.4 च्या घाताने झाली. 32 व्या दिवशी 312 उरतील, 64 व्या दिवशी 118, 128 व्या दिवशी 45. दुसरा व्हिडिओ सातबारा ऑनलाइन कसा काढायचा याचा आहे. त्याला उसळी नाही, पण शोधून येणारे लोक रोज 150. साधारण 54 व्या दिवशी दोघांचे रोजचे आकडे सारखे होतात. वर्षअखेरीस पहिल्याचे एकूण सुमारे 1,15,000, दुसऱ्याचे 55,000. दुसरं वर्ष संपताना पहिला 1,17,000 वर रेंगाळलेला असतो आणि दुसरा 1,09,500 वर पोहोचलेला असतो. फक्त एकूण आकडा बघणाऱ्याला पहिली दोन वर्षं यातलं काहीच कळत नाही.

मला यातली सर्वात उपयोगाची गोष्ट वाटते ती मिश्र व्हिडिओ पकडण्याची. समजा 40,000 ची तीच उसळी आहे, पण तिच्याखाली रोजच्या 150 व्ह्यूजचा तळ आहे. 32 व्या दिवशी 462, 64 व्या दिवशी 268, 128 व्या दिवशी 195 आणि 256 व्या दिवशी 167 व्ह्यूज दिसतील. आता प्रत्येक टप्प्यावर मागच्याच्या किती टक्के उरले ते पाहा : 58, मग 73, मग 86. निव्वळ उसळीत हे प्रमाण 38 वरच अडकून राहतं. इथे ते शंभराकडे सरकतंय, म्हणजे खाली तळ आहे. आलेखाकडे नुसतं पाहिलं तर दोन्ही रेषा खालीच येताना दिसतात.

आकड्यांनी तळ दाखवला की स्टुडिओमधला ट्रॅफिक सोर्स उघडावा. तळातले व्ह्यूज यूट्यूब सर्चमधून येत असतील तर लोकांची गरज टिकून आहे. ते होमपेजवरच्या शिफारशींमधून येत असतील तर शिफारस थांबताच तळ नाहीसा होऊ शकतो. आणखी एक बारकावा : यूट्यूबच्या अहवालातला दिवस पॅसिफिक वेळेनुसार बदलतो, म्हणजे भारतात दुपारी साडेबारा किंवा दीडला. सकाळी टाकलेल्या व्हिडिओचा पहिला दिवस त्यामुळे अर्धवट असतो, आणि त्याला शिखर धरलं तर पुढचं सगळं गणित चुकतं.

हंगामी व्हिडिओंना मात्र ही कसोटी सरळ लावता येत नाही. उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ गणपतीच्या आधी उसळतो, नंतर ओसरतो आणि दुप्पट वयाच्या हिशोबात संपल्यासारखा दिसतो. त्याची तुलना मागच्या वर्षाशी करायची, पण तारखेने नाही, कारण गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. तारखा जुळवल्या तर 2025 चा ऑगस्टअखेर फुगलेला आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा कोसळलेला दिसेल. त्याऐवजी चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस दोन्ही वर्षांत समोरासमोर ठेवावेत.