यील्ड घटली तर बाँड १३ रुपये ७६ पैसे चढतो, वाढली तर ११ रुपये २६ पैसेच पडतो, असं का?

भुसावळचे माझे मामा रेल्वेतून रिटायर झाले आणि त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवरून ३० वर्षांचा सरकारी बाँड घेतला. परवा जळगावला आले तेव्हा चहा पिता पिताच विचारलं, "मले एक सांग, यील्ड एक टक्का उतरली न् एक टक्का चढली, तर फायदा न् तोटा सारखाच व्हायला पाहिजे ना?" यील्ड म्हणजे आजच्या भावाने बाँड घेऊन मुदतीपर्यंत ठेवला तर वर्षाला पडणारा परतावा. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर "नाही" आहे. का नाही ते मामांना कागदावर दाखवलं तेच इथे लिहितोय.

हिशेब सोपा राहावा म्हणून धरू की बाँड १०० रुपयांचा आहे, वर्षाला ७ रुपये व्याज एकदाच देतो (खरे सरकारी बाँड दर सहा महिन्यांनी अर्धं अर्धं देतात, त्याने आकडे थोडे हलतात, बाकी गोष्ट तीच), मुदत ३० वर्षं, आणि आज बाजारातली यील्डही ७ टक्केच, म्हणून भाव बरोब्बर १००.

आता यील्ड ६ वर आली समजा. म्हणजे बाजारात नवा बाँड १०० ला मिळतो पण वर्षाला ६ रुपयेच देतो, आणि मामांचा ७ देतो. शेवटी १०० परत दोघंही देणार, म्हणजे फरक एवढाच की मामांना दरवर्षी एक रुपया जास्त, तोही ३० वर्षं. त्या ३० रुपयांची आजची किंमत जितकी, तितकाच मामांचा बाँड १०० च्या वर जाणार. उलट यील्ड ८ झाली तर नवा बाँड ८ देतो, मामांना दरवर्षी एक रुपया कमी, म्हणून त्या ३० रुपयांच्या आजच्या किमतीइतका भाव १०० च्या खाली.

रुपया तोच आणि वर्षंही तीच, मग फरक कुठून येतो? वटावातून. पुढे मिळणाऱ्या रुपयाला आज पूर्ण रुपया कोणी देत नाही, व्याजाच्या दराने कापूनच देतो, आपल्याकडे व्यापारी हुंडी वटवायचे तसंच. आणि कापायचा दर कोणता, तर त्या वेळी बाजारात जो चालू असेल तो. फायद्याचे रुपये यील्ड घटल्यावर येतात म्हणून ते ६ टक्क्यांनी कापले जातात, तोट्याचे रुपये यील्ड वाढल्यावर येतात म्हणून ते ८ टक्क्यांनी. म्हणजे फायद्याला कात्री हलकी लागते आणि तोट्याला जोरात. ६ ने कापून ३० रुपयांचे १३.७६ होतात, ८ ने कापून ११.२६. सगळी भानगड एवढीच, मला तरी हे फार सुंदर वाटतं.

एक्सेलमध्ये स्वतः करून बघा:

```
=PV(6%,30,-7,-100)   → 113.76
=PV(8%,30,-7,-100)   → 88.74
```

मामांनी लगेच पुढचं विचारलं की दोन वर्षांच्या बाँडला पण असंच का. असंच, पण जवळजवळ दिसणारच नाही. पहिल्या वर्षाचा रुपया ६ ने कापला तर ९४ पैसे आणि ८ ने कापला तर ९३, फरक काहीच नाही, पण तिसाव्या वर्षाचा रुपया ६ ने १७ पैसे होतो आणि ८ ने १० च. दोन वर्षांत चढ १.८३ आणि उतार १.७८, म्हणजे फक्त ५ पैशांचा फरक, तीस वर्षांत अडीच रुपये.

इथे एक चूक बरेच जण करतात. यील्ड एक टक्का हलली की भाव साधारण किती टक्के हलतो ते सांगणारा मॉडिफाइड ड्युरेशनचा आकडा घेतात (या बाँडचा साधारण १२.४) आणि म्हणतात यील्ड एक टक्का हलली की १२.४ रुपये, वर असो का खाली. तो सरळ रेषेचा अंदाज आहे, भावाची रेषा मात्र वाकडी आहे, त्या वाकडेपणालाच कॉन्व्हेक्सिटी म्हणतात. यील्ड ०.१ टक्का हलली तर चढउतारातला फरक अडीच पैसेच राहतो, तिथे सरळ रेषा चालून जाते. हालचाल दहापट झाली की फरक शंभरपट होतो, म्हणून मोठ्या हालचालीत तो अंदाज फसतो.

पण म्हणून हा फुकटचा पैसा नाही. यील्ड वाढली तर मामांचे १ लाखामागे ११,२६० रुपये कागदावर जाणारच, फक्त उलट बाजूला १३,७६० आहेत. आणि हे बाजारातल्या सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे जास्त वाकड्या बाँडसाठी लोक थोडी कमी यील्डही चालवून घेतात.

आणि कॉल ऑप्शन असलेल्या बाँडला हे लागूच होत नाही. बँकांचे काही बाँड असे असतात की ठरलेल्या तारखेला बँक १०० देऊन ते परत घेऊ शकते. यील्ड घटली की बँकेला स्वस्तात नवं कर्ज मिळतं, मग ती ७ कशाला देत बसेल, म्हणून ती तारीख जवळ आली की भाव १०० च्या आसपासच अडकतो, ११३ वगैरे कोणी देत नाही. यील्ड वाढली तर मात्र बँक परत घ्यायच्या भानगडीत पडत नाही आणि भाव पूर्ण पडतो. तिथे चढ छोटा आणि उतार मोठा, बरोबर उलटं. मामांना कोणीतरी तसाच एक बाँड सुचवला होता, त्याच्या कागदात आम्ही दोघांनी आधी कॉलची तारीख शोधली, ती पाचव्या वर्षाची निघाली.