जुलैची सॅक आणि मार्चची सॅक: राजगड तोच, बॅग वेगळी

पहिल्यांदा ट्रेकला निघालेल्या माणसाला ग्रुपवर एक लिस्ट येते, पाणी, टॉर्च, टोपी, सुका खाऊ वगैरे, आणि हीच लिस्ट वर्षभर फिरत राहते. मी पण तीच वापरली. जुलैत गुंजवण्यातून राजगड केला, झकास झाला, मग मार्चमध्ये तीच बॅग उचलून परत गेलो, दीड लिटर पाणी घेऊन, आणि चोर दरवाज्याच्या बऱ्याच आधी बाटली पालथी केली तरी थेंब पडेना. गड तोच, वाट तीच, पण त्रास द्यायची पद्धत वेगळी.

पाऊस भिजवून गारठवतो, ऊन आतून सुकवतं. बॅग भरायची ती हे डोक्यात ठेवून.

आधी जुलै. सगळ्यांना वाटतं रेनकव्हर लावलं की काम झालं. पण कव्हर पाठीकडून उघडं असतं, पाठीवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत शिरतं. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात आणि तोंडाला पीळ देऊन गाठ. आत एक कोरडा टीशर्ट हवाच, आणि तो खाली उतरल्यावर घालायचा नसून वर कुणी गारठलं तर त्याच्यासाठी आहे. माचीवर वारा सुटला की भिजलेलं कॉटन अंगातली ऊब खेचून घेतं. कुणी थरथरायला लागला, साधी चेन लावता येईना, बोलणं अडखळायला लागलं तर फोटो बंद, आडोसा बघा, ओलं काढून कोरडं घाला आणि काहीतरी गोड खायला द्या.

जीन्स नकोच, भिजली की गुडघा वाकवताना कळतं का ते. छत्री वरच्या वाऱ्यात उलटी होते. पोंचो सपाटीवर मस्त, पण रेलिंगच्या कातळावर तो पुढे लोंबतो आणि पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही, म्हणून जॅकेट बरं. बूट जुने, तळ गुळगुळीत झालेले असतील तर शेवाळावर घसरणारच, मग ब्रँड कुठलाही असो.

आता मार्च. इथे अर्धी बॅग पाणीच. दिवसभरासाठी माणशी तीन ते चार लिटर धरा, म्हणजे तेवढेच किलो पाठीवर, आणि म्हणूनच बाकीचं कमी करायचं. पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये नको, एक-एक लिटरच्या बाटल्या घ्या, म्हणजे किती संपलं ते दिसतं आणि एखादी गळली तरी सगळं जात नाही. निम्मं संपलं आणि गड अजून वरच आहे? तिथूनच मागे फिरायचं. टाक्यातलं पाणी दिसलं म्हणून तसंच पिऊ नका.

ओआरएसमध्ये मात्र बहुतेक जण गडबडतात. मोठं पाकीट साधारण एक लिटर पाण्यासाठी असतं, पाकिटावर लिहिलेलंच असतं, तरी लोक अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, मग ते इतकं खारट होतं की पिववत नाही, मळमळतं ते वेगळंच. लिटरची बाटली नसेल तर २०० मिलीची छोटी पाकिटं घ्या. कोल्ड्रिंक किंवा एनर्जी ड्रिंक म्हणजे ओआरएस नव्हे.

डोकं दुखतंय, मळमळतंय, तर सावलीत बसवून हळूहळू पाजा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला आणि अंग भाजतंय, तर तोंडात पाणी ओतत बसू नका, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि ११२ लावा. जुलैतला हाफ टीशर्ट इथे चालत नाही, पातळ फुल बाह्या आणि कडा असलेली टोपी हवी. डिओ, परफ्यूम घरी ठेवा, कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने माश्या चवताळू शकतात. त्याच कारणासाठी धूर, दगडफेक पण नाही.

हेडटॉर्च दोन्हीकडे, मोबाइलचा टॉर्च त्याच्या जागी धरू नका, कारण उतरताना दोन्ही हात लागतात आणि फोनची बॅटरी फोनसाठी ठेवायची असते. स्पीकर कधीच नाही. काचेची बाटली पण नाही. कचऱ्याला एक रिकामी पिशवी.

ग्रुपचंही तसंच. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे एक अनुभवी, आणि या दोघांच्या बाहेर कुणी जायचं नाही. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं, जुलैत धुक्यामुळे आणि मार्चमध्ये गुरांच्या वाटांमुळे, चुकतात दोन्हीकडे. पायाखालून दगड सुटला तर लाजू नका, "दगड!" म्हणून जोरात ओरडा. आणि थकलेला पोचल्या पोचल्या पुढचे उठून चालायला लागतात, ते नको, त्याला पण पाच मिनिटं बसू द्या, विश्रांतीची गरज त्यालाच जास्त असते.