चार हजारांवर थांबलेलं पेज

समजा, रानभाज्यांची ओळख करून देणारं एक इन्स्टाग्राम पेज आहे. तीन वर्षं नेमाने चाललेलं, आठवड्याला तीन पोस्ट. फॉलोअर 4,000, आणि गेले आठ महिने आकडा तिथेच. चालवणाऱ्याला वाटतं, नवीन कुणी येतच नाही. पण इनसाइट्समध्ये फॉलोअरचा तपशील उघडला की वेगळंच दिसतं: महिन्यात 120 जण आले आणि 120 जणच गेले.

तळाला भोक असलेल्या हौदात नळ सोडला तर पाणी एका उंचीवर स्थिर होतं. पातळी वाढली की गळतीही वाढते, ती नळाच्या धारेइतकी झाली की वाढ थांबते. पेजचंही तसंच. दरमहा 3 टक्के लोक सोडून जात असतील, तर 1,000 फॉलोअर असताना 30 जण जातात, 4,000 असताना 120. म्हणून थांबण्याचा आकडा काढता येतो: दरमहा येणारे भागिले सोडून जाण्याचं प्रमाण. 120 भागिले 0.03 म्हणजे बरोबर 4,000. पेज बिघडलेलं नाही, ते आपल्या पातळीला पोचलं आहे. आहे तेच दुप्पट जोमाने करण्याआधी धार कुठून येते ते पाहायला हवं.

त्यासाठी मागच्या 90 दिवसांच्या पोस्ट एका तक्त्यात मांडा. प्रत्येकीसमोर फॉलो न करणाऱ्या किती जणांपर्यंत ती पोचली आणि तिच्यावरून किती नवे फॉलोअर आले, एवढंच लिहा. लाइक इथे दिशाभूल करतात, कारण ते बरेचदा जुन्याच मंडळींचे असतात. आपल्या पेजच्या 36 पोस्टचं चित्र असं निघालं म्हणू. सणांच्या शुभेच्छांच्या 12 पोस्ट: लाइक भरपूर, नवे फॉलोअर शून्य. पाककृतींचे 15 फोटो: 14,000 अनोळखी लोकांपर्यंत पोचले, 70 फॉलोअर आले. भाजी ओळखण्याच्या 9 रील: 29,000 लोक, 290 फॉलोअर. म्हणजे हजार अनोळखी लोकांमागे पाककृतीला 5 आणि ओळखीच्या रीलला 10. एखादीच रील तुफान चालली असेल तर ती बाजूला काढून सरासरी पुन्हा करा, नाहीतर एका योगायोगावर सगळा बेत उभा राहतो.

रील का चालतात? शेवळं ही रानभाजी नीट शिजवली नाही तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून भाजीत काकड नावाची आंबट फळं घालतात. हे कळलं की माणूस लगेच बहिणीला पाठवतो. अ‍ॅडम मोसेरी या इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलं होतं की अनोळखी लोकांपर्यंत पोस्ट पोचवताना इन्स्टाग्राम अशा पाठवण्याला लाइकपेक्षा जास्त वजन देतं. शुभेच्छांचं चित्र कोण कुणाला त्या पेजवरून पाठवणार?

आता 12 पैकी 6 शुभेच्छांच्या जागी रील करा. जुन्या रीलमागे साधारण 32 फॉलोअर आले, तरी नव्यांकडून निम्मीच अपेक्षा धरा, कारण चांगले विषय आधी वापरून झालेले असतात. तीन महिन्यांत 96, म्हणजे महिन्याला 32 जास्त. नवी पातळी 152 भागिले 0.03, पाच हजारांच्या थोडी वर. मात्र पहिल्या महिन्यात वाढ दिसेल ती 32 चीच, आणि पुढे ती मंदावत जाईल. अर्धं अंतर कापायलाच जवळजवळ दोन वर्षं लागतील.

लवकर उसळी हवी तर कोलॅब. त्यात एकच पोस्ट दोन्ही पेजच्या फॉलोअरना दिसते, समोरच्याने निमंत्रण स्वीकारलं की. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दुसरं रानभाज्यांचंच पेज गाठणं. तिथले लोक बहुतेक तुमच्याकडेही असतात. त्यांच्या अलीकडच्या पोस्टवर कमेंट करणारे 50 जण घ्या आणि आपल्या फॉलोअरच्या यादीत शोधा. 30 सापडले तर कोलॅबमधून फारसं काही मिळणार नाही. पाच-सहाच सापडले तर करण्यासारखं आहे. पावसाळी ट्रेकचं पेज इथे शोभतं: वाटेवर दिसणाऱ्या, पण तोंडात घालायच्या नाहीत अशा वनस्पती. बक्षिसाच्या स्पर्धेने मात्र गर्दी येते आणि निकालानंतर निघून जाते. म्हणून कोलॅबनंतर नवे किती आले ते सात दिवस मोजा आणि किती सोडून गेले ते तीस दिवस.

पोस्टची वेळ आणि संख्या शेवटी बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट. महिन्याला 120 येत असताना दहा-बारांचा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो. 128 दिसले म्हणून रात्री नऊची वेळ लाभली असं म्हणता येत नाही. सलग दोन महिने 150 च्या आसपास आले तर काहीतरी बदललं आहे. रानभाज्यांच्या पेजला आणखी एक पथ्य: आषाढ-श्रावणातले आकडे फाल्गुनाशी ताडू नका, मागच्या आषाढाशी ताडा. इनसाइट्स इतकं मागचं सगळं दाखवत नाही, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला आलेले, गेलेले आणि एकूण असे तीन आकडे वहीत उतरवून ठेवा.